धडा समजला का, ते बुधवारी सातला कळेल

रविवारी संध्याकाळी दहावीतल्या मुलीला विचारलं, "गुरुत्वाकर्षणाचा धडा झाला का?" तर ती बिनधास्त म्हणते, "झाला." खोटं बोलत नसते ती. पुस्तकातल्या महत्त्वाच्या ओळींवर पिवळा मार्कर फिरलेला असतो, स्वाध्याय वहीत उतरलेला असतो, सूत्रं पाठ असतात. घोटाळा 'झाला' या शब्दातच आहे. वाचून झालेल्या धड्याला हाच शब्द लागतो आणि समजून झालेल्यालाही.

यातला फरक ओळखायचा एक साधा उपाय आहे. तो धडा कुणाला तरी मोठ्याने शिकवून बघायचा. पण बहुतेक घरांत हे केलं जातं ते पुस्तक मिटल्या मिटल्या, आणि तिथेच फसगत होते. नुकतंच वाचलेलं डोळ्यांपुढे ताजं असतं, वाक्यंच्या वाक्यं पुस्तकातली जशीच्या तशी तोंडात येतात. ऐकणाऱ्याला वाटतं, पोरीला सगळं येतंय. पोरीलाही तसंच वाटतं.

थॉमस नेल्सन आणि जॉन डन्लॉस्की या मानसशास्त्रज्ञांनी 1991 मध्ये नेमकी ही गोष्ट तपासली. लोकांना शब्दांच्या जोड्या पाठ करायला दिल्या आणि प्रत्येक जोडी पुढे आठवेल का, याचा अंदाज बांधायला सांगितलं. पाठ केल्या केल्या बांधलेले अंदाज बरेच चुकले. मध्ये थोडा वेळ जाऊ दिल्यावर बांधलेले अंदाज मात्र कितीतरी अचूक निघाले. शब्दांच्या जोड्या आणि विज्ञानाचा धडा यांत अंतर आहे, हे खरं. पण स्वतःच्या तयारीचा अंदाज घ्यायला जरा थांबावं लागतं, एवढी गोष्ट इथेही लागू पडते.

म्हणून शिकवण्याची तारीख धडा वाचायला घेतानाच ठरवलेली बरी. रविवारी धडा वाचला, तर बुधवारी संध्याकाळी सात वाजता, वीस मिनिटं, आजी आणि पाचवीतला भाऊ यांच्यासमोर. कॅलेंडरवर दुधाच्या हिशेबाशेजारी तसं लिहूनच टाकायचं. मधल्या दोन दिवसांत धडा उघडायचा नाही. बुधवारी पुस्तक दुसऱ्या खोलीत राहील. हातात एक कागद, त्यावर फक्त पाच-सहा शीर्षकं: गुरुत्वीय बल, वस्तुमान आणि वजन, मुक्त पतन, मुक्तिवेग, भारहीनता. मोबाइलचा रेकॉर्डर चालू. ऐकणाऱ्यांना तीनच प्रश्न विचारायची मुभा: 'म्हणजे काय?', 'का?' आणि 'तसं नसतं तर?'

अशा एका बुधवारची कल्पना करू. वस्तुमान आणि वजन सुरळीत पार पडतं. चंद्रावर वजन एक षष्ठांश होतं, वस्तुमान तेवढंच राहतं, हे मुलगी छान सांगते. मग भारहीनता येते. ती एका दमात म्हणते, "अंतराळस्थानकात गुरुत्वाकर्षण नसतं, म्हणून अंतराळवीर तरंगतात."

"ताई, मग ते स्थानक पळून का जात नाही? त्याला दोरी तर बांधलेली नाही."

मुलगी थांबते. "म्हणजे... ते कक्षेत असतं ना, म्हणून." "कक्षेत म्हणजे काय?" "अगं आजी, म्हणजे पृथ्वीभोवती फिरत असतं." "का फिरतं पण?" पुढे नुसती शांतता, आणि रेकॉर्डरमध्ये पंख्याचा आवाज.

या शांततेसाठीच तर सगळा खटाटोप होता. आंतरराष्ट्रीय अंतराळस्थानक जमिनीपासून सुमारे 400 किलोमीटरवर फिरतं. पृथ्वीची त्रिज्या सुमारे 6,400 किलोमीटर. तिच्यापुढे 400 म्हणजे काहीच नाही. तिथेही गुरुत्वत्वरण 8.7 च्या आसपास असतं, जमिनीवरच्या 9.8 च्या जवळजवळ नव्वद टक्के. तिथे गुरुत्वाकर्षण भरपूर आहे. स्थानक आणि आतली माणसं सतत पडतच असतात, एकाच त्वरणाने, म्हणून पायाखालची फरशी पायांना दाबत नाही. ते जमिनीवर आदळत का नाहीत, तर एका सेकंदात स्थानक साधारण चार मीटर खाली पडतं खरं, पण तेवढ्याच वेळात साडेसात किलोमीटरहून जास्त पुढे गेलेलं असतं, आणि तेवढ्या अंतरात पृथ्वीचा गोलावाही चार मीटरच खाली वळलेला असतो.

मुक्त पतन आणि भारहीनता ही दोन शीर्षकं मुलीने वेगवेगळी पाठ केली होती. त्या दोन्हींत एकच गोष्ट चालली आहे, हे मार्करने रेघा ओढताना कधी जाणवलंच नव्हतं.

येल विद्यापीठातल्या लिओनिड रोझेनब्लिट आणि फ्रँक काइल यांनी 2002 मध्ये मोठ्या माणसांचीही अशीच परीक्षा घेतली होती. चेन, कुलूप, फ्लशची टाकी या गोष्टी कशा चालतात ते तुम्हाला किती समजलंय, त्याला गुण द्या, असं विचारल्यावर लोकांनी स्वतःला भरघोस गुण दिले. मग सांगितलं, आता पायरी-पायरीने लिहून दाखवा. लिहून झाल्यावर त्यांनी स्वतःचेच गुण कमी केले.

बुधवारचं रेकॉर्डिंग त्याच रात्री ऐकायचं, कंटाळवाणं असलं तरी. अडखळलेली जागा आपोआप सापडते. लक्ष द्यायचं ते गुळगुळीत जागांकडे. 'कक्षेत असतं कारण ते फिरतं, आणि फिरतं कारण ते कक्षेत असतं' असं स्वतःभोवतीच गोल फिरणारं उत्तर, 'म्हणजे ते तसं असतं' हे वाक्य, पुस्तकातली व्याख्या आल्यावर अचानक वाढलेला बोलण्याचा वेग. अशा जागांवर कागदावर फुली मारायची. मग पुस्तक आणून फक्त फुल्यांपुरतंच वाचायचं. हे टाळलं तर भलतंच होतं: श्रोत्यांनी अडवलं नाही, तर 'तिथे गुरुत्वाकर्षण नसतं' हेच वाक्य आत्मविश्वासाने बोलून आणखी पक्कं बसतं. आजी काही विज्ञानाची शिक्षिका नाही, त्यामुळे खरं-खोटं शेवटी पुस्तकाशीच ताडून पाहावं लागतं.

शाळेतल्या भाषणासारखं आधी लिहून, मग वाचून दाखवण्याचा मोह पुष्कळांना होतो. त्यात हशील नाही. सिंगापूरच्या संशोधकांनी 2018 मध्ये डॉप्लर परिणामाचा धडा घेऊन हे पाहिलं. टिपणांशिवाय शिकवणाऱ्यांनी आठवड्यानंतरच्या परीक्षेत तयार संहिता वाचून शिकवणाऱ्यांना मागे टाकलं. पण न शिकवता, नुसतं आठवून लिहून काढणारेही टिपणांशिवाय शिकवणाऱ्यांच्या बरोबरीने आले. म्हणजे फायद्याचा बराच वाटा आठवण्याच्या कष्टाचा आहे, शिकवण्याचा नव्हे. मग घरच्यांना वेठीला का धरायचं? कारण कोऱ्या कागदाला 'का?' विचारता येत नाही.

प्रत्येक धड्याला हे परवडत नाही. शिकवणं आणि रेकॉर्डिंग ऐकणं मिळून तासभर सहज जातो. सनावळ्या किंवा नुसत्या याद्या आठवून लिहिल्या तरी पुरे. गणितं तर बोलून सुटतच नाहीत, तिथे पेनच लागतं. हा तास राखून ठेवावा तो जिथे एका गोष्टीमुळे दुसरी घडते अशा धड्यांसाठी: गुरुत्वाकर्षण, विद्युतधारेचे परिणाम, आनुवंशिकता.

फुल्या पडलेल्या जागांची दुसरी फेरी शुक्रवारी, जेमतेम दहा मिनिटांची. या वेळी स्थानक नीट पडतं आणि नीट वळतंही. भाऊ जरा विचार करून म्हणतो, "मग चंद्र?"

"तोही पडतोच आहे."

"सेकंदाला किती?" आजी विचारते, आणि मुलगी पेन शोधायला उठते.