कामे कोणी वाटायची: प्रोसेसरने की कंपायलरने?

प्रोग्रॅममधल्या सूचना एकाखाली एक लिहिलेल्या असतात, पण आजचा कोणताही बरा प्रोसेसर त्या तशा एकेक करून चालवत नाही. एका ठोक्याला तो चार-सहा सूचना हातावेगळ्या करतो. त्यासाठी कोणती कामे एकमेकांवर अवलंबून नाहीत हे कोणीतरी शोधावे लागते. कोणी, यावरून संगणकशास्त्रात दोन घराणी पडली.

पहिले घराणे सुपरस्केलर प्रोसेसरचे. कामगार हजर झाल्यावर कोण मोकळा आहे, कोणता माल आला आहे हे पाहून जागेवरच कामे वाटणाऱ्या मुकादमासारखे त्याचे वागणे असते. प्रोग्रॅम चालू असतानाच तो पुढच्या सूचना वाचतो, ज्यांची माहिती तयार आहे त्यांना आधी सोडतो आणि शेवटी सगळे निकाल मूळ क्रमाने लावून घेतो. १९९५ सालच्या पेंटियम प्रोने ही रीत इंटेलच्या पीसी प्रोसेसरांत आणली. या शोधाशोधीसाठी मात्र चिपवरची बरीच जागा आणि वीज खर्ची पडते.

येल विद्यापीठातल्या जोश फिशर यांना हा खर्च टाळायचा होता. हे काम प्रोग्रॅम तयार होतानाच कंपायलरने उरकावे आणि एकाच वेळी करायच्या क्रियांची एक लांबलचक सूचना प्रोसेसरच्या हाती द्यावी, असे त्यांनी १९८३ मध्ये मांडले. हेच व्हीएलआयडब्ल्यू घराणे. फिशर यांच्या मल्टिफ्लो कंपनीच्या सर्वांत मोठ्या यंत्राची एक सूचना १०२४ बिटांची होती आणि तिच्यात २८ क्रिया मावत.

या विचाराची सर्वांत महागडी परीक्षा इंटेल आणि ह्युलेट-पॅकार्ड यांनी मिळून घेतली. त्यांचा इटेनियम २००१ मध्ये बाजारात आला. त्याच्या सूचना १२८ बिटांच्या बंडलात बांधलेल्या असत: प्रत्येकी ४१ बिटांच्या तीन सूचना आणि उरलेल्या ५ बिटांत कोणती सूचना कोणत्या जातीची हे सांगणारा साचा. समजा, मेमरीतल्या दोन संख्यांची बेरीज करायची आहे आणि तिच्याशी संबंध नसलेली आणखी एक बेरीज-वजाबाकीही आहे. कंपायलर ती अशी बांधेल:

```
{ .mmi
  ld8 r14 = [r32]
  ld8 r15 = [r33]
  add r16 = r34, r35 ;;
}
{ .mii
  nop.m 0
  add r17 = r14, r15
  sub r18 = r16, r37 ;;
}
```

`ld8` म्हणजे मेमरीतून संख्या आणणे. पहिल्या बंडलातल्या तिन्ही क्रिया एकमेकींपासून स्वतंत्र, म्हणून त्या एकाच ठोक्याला सुटू शकतात. `;;` ही खूण म्हणजे कुंपण: पुढच्या सूचनांना आधीचे निकाल लागतील, एवढेच ती प्रोसेसरला सांगते. दुसऱ्या बंडलात मेमरीच्या कप्प्यात घालायला काहीच नव्हते, तेव्हा कंपायलरने तिथे `nop`, म्हणजे काही न करणारी सूचना, भरली. असा भरणा वाढला की प्रोग्रॅम फुगतो.

पण खरी गोम फुगण्यात नाही, `ld8` मध्ये आहे. ती संख्या प्रोसेसरजवळच्या कॅशमध्ये असेल तर एक-दोन ठोक्यांत मिळते. नसेल तर मुख्य मेमरीपर्यंत जावे लागते आणि शंभराहून अधिक ठोके जाऊ शकतात. यातले काय होईल हे प्रोग्रॅम बांधताना कंपायलरला कळायला मार्ग नाही. `r14` यायला उशीर झाला की `add` अडते, आणि तिच्या शेजारची `sub` तिचा माल तयार असूनही ताटकळते. कारण इटेनियम सूचना ठरलेल्या क्रमानेच सोडतो. सुपरस्केलर प्रोसेसरने ती वजाबाकी केव्हाच उरकली असती.

डेटाबेस किंवा ब्राउझरसारख्या प्रोग्रॅमांत अशी अनिश्चितता पावलोपावली असते, शिवाय दर काही सूचनांमागे एक ‘जर-तर’चा फाटा. फाट्याची दिशा आधीच ताडून त्यापलीकडच्या सूचना अलीकडे ओढण्याच्या युक्त्या कंपायलरकडे होत्या, पण त्यांनाही मर्यादा होती. त्यात २००३ मध्ये एएमडीने जुने प्रोग्रॅम तसेच चालवणारा ६४ बिटांचा ऑप्टेरॉन आणला. इटेनियमची शेवटची खेप २०२१ मध्ये रवाना झाली.

म्हणून फिशर चुकले असे म्हणणे घाईचे ठरेल. आवाज किंवा चित्र यांवरच्या प्रक्रियेत तेच छोटे आवर्तन लाखो वेळा फिरते आणि पुढची माहिती कुठून येणार हे आधीच ठाऊक असते. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या सी६००० मालिकेत एका ठोक्याला आठ सूचना सुटतात. तिथे मेमरीतली संख्या किती ठोक्यांनी हाती येईल हे ठरलेले असते, म्हणून कंपायलर मधल्या ठोक्यांत दुसरी कामे बेतून बसवतो. क्वालकॉमच्या स्नॅपड्रॅगन चिपमधला हेक्सॅगन प्रोसेसरही याच घराण्यातला. त्याच्या एका पाकिटात जास्तीत जास्त चार सूचना असतात, आणि स्नॅपड्रॅगनवर चालणाऱ्या फोनमध्ये आवाजावरचे संस्कार हाच प्रोसेसर करतो.