चष्म्याचं नोज पॅड घरी बदलताना

काशीदच्या खाऱ्या हवेत घामाची भर पडली की नोज पॅडच्या स्क्रूवर हिरवा थर चढतो. स्क्रू अडकतो, पॅड कडक होऊन नाकाला रुततं किंवा घसरतं. आधी तो भाग कोमट साबणपाण्यात जुन्या ब्रशने घासा, कोरडा करा, तेलाचा एक थेंब सोडून थोडं थांबा. मग ताटात कापड पसरून बारीक स्क्रूड्रायव्हरने स्क्रू काढा. जोर लावलात तर खाच झिजते. जुन्या पॅडची लांबी मोजून तेवढंच सिलिकॉनचं घ्या. काही पॅड स्क्रूऐवजी खटक्यावर बसतात, तेही पाहा. नवा स्क्रू घट्ट बसवा, तरी पॅड किंचित हललं पाहिजे, तेव्हाच ते नाकाच्या उताराला टेकतं. तरीही एकाच बाजूला वळ उठत असेल तर पॅडची तार वाकली असू शकते. ती चष्मेवाल्याकडूनच सरळ करून घ्या.