दीडशे शब्दांतले रविवर्मा

शालेय कोशातली नोंद दीडशे शब्दांची. तेवढ्यात राजा रविवर्मा बसवायचे. जन्म २९ एप्रिल १८४८, किळिमानूर. मृत्यू २ ऑक्टोबर १९०६, तिथेच. ही दोन वाक्यं लिहायला वेळ लागत नाही. वेळ जातो तो मधल्या गोष्टींवर, कारण रविवर्म्यांविषयी आपल्याला जे 'माहीत' असतं त्यातलं बरंचसं गोष्टीरूपानेच आलेलं असतं.

मी पहिला मसुदा नेहमीच्या आठवणीतून लिहितो आणि मग प्रत्येक वाक्यापुढे समासात पेन्सिलीने खूण करतो: त्या काळचा कागद, नंतरची आठवण, की कादंबरी? ज्या वाक्यापुढे काहीच लिहिता येत नाही, ते आधी खोडतो.

रविवर्म्यांच्या बाबतीत पहिली खूण करताना मोठा आधार मिळतो तो त्यांचे धाकटे भाऊ सी. राजराज वर्मा यांच्या इंग्रजी रोजनिशीचा. हे भाऊ स्वतः चित्रकार, त्यांच्याबरोबर हिंडणारे आणि कामातले जोडीदार. कुठे मुक्काम होता, कोणाचं चित्र चालू होतं, छापखान्याचं काय चाललं होतं, हे ते लिहून ठेवत. पण ही रोजनिशी उत्तरायुष्याची आहे. बालपणाबद्दल तिला विचारता येत नाही.

आणि बालपणाचीच गोष्ट सगळ्यांना हवी असते. छोट्या रवीने कोळशाने भिंती रंगवल्या आणि चित्रकला जाणणाऱ्या मामांनी रागावण्याऐवजी त्याला शिकवायला घेतलं. मामा राजराज वर्मा चित्र काढत आणि पहिले धडे त्यांनी दिले, हे नोंदीत येतं. भिंतीचं मात्र जपून घ्यावं लागतं. मेंढ्या राखणारा जॉत्तो दगडावर मेंढी काढत होता आणि चिमाबुए या चित्रकाराने ते पाहिलं, ही गोष्ट वासारीने सोळाव्या शतकात लिहिली. एर्न्स्ट क्रिस आणि ओटो कुर्ट्झ यांनी १९३४ साली दाखवून दिलं की, 'लहानपणीच कुणा जाणत्याने हेरलं' हा प्रसंग देशोदेशीच्या चित्रकारांच्या चरित्रांत पुन्हा पुन्हा येतो. म्हणून भिंतीची गोष्ट खोटी ठरत नाही, पण ती पुरावा म्हणूनही चालत नाही. मी तिला 'असे सांगतात' जोडून एका वाक्यात ठेवली. मुलांना ती आवडते आणि 'सांगतात' या शब्दाचा उपयोगही त्यातून कळतो.

सगळ्यात जास्त खोडाखोड झाली ती शिकागोच्या वाक्यावर. १८९३ च्या जागतिक प्रदर्शनात रविवर्म्यांनी दहा चित्रं पाठवली आणि त्यांना 'सुवर्णपदकं' मिळाली, असं जागोजागी छापलेलं आहे. कुठे तीन, कुठे दोन. आकडा असा हलायला लागला की मी आकड्याच्या मागे न लागता पदकाच्या मागे लागतो: ते देत कोण होतं, आणि कशाचं बनवत होतं? शिकागोत सोनं-रुपं अशा पायऱ्याच नव्हत्या. सगळ्या विजेत्यांना एकाच नमुन्याचं पदक मिळालं, ते ब्राँझचं, त्यावर कोलंबसाची आकृती. तेव्हा वाक्य असं झालं: 'शिकागोच्या प्रदर्शनात त्यांच्या चित्रांचा गौरव झाला.' सोनं गेलं, गौरव राहिला. चित्रं गेली, चित्रकार गेले नाहीत, हेही स्पष्ट लिहिलं. रविवर्मा कधी परदेशी गेले नाहीत.

मराठी लेखकाला खरी अडचण येते ती रणजित देसाईंची. 'राजा रविवर्मा' ही कादंबरी आपल्या घरांत इतकी वाचली गेली आहे की, तिच्यातले संवाद लोक रविवर्म्यांचे म्हणून सांगतात. तिच्यावर बेतलेल्या 'रंगरसिया' चित्रपटाने कादंबरीतली नायिका सुगंधाही सर्वांच्या ओळखीची करून टाकली. कादंबरीकाराला पात्र घडवण्याचा पूर्ण हक्क आहे. कोशकाराला नाही. सुगंधा मी नोंदीत घेतली नाही, 'असे सांगतात' म्हणूनही नाही, कारण ती लोकांनी सांगत आणलेली आख्यायिका नसून लेखकाने रचलेली व्यक्तिरेखा आहे. या दोहोंना एका रांगेत बसवलं, तर मुलांना फरक कळण्याची वाटच बंद होते.

'राजा' या शब्दावरही एक वाक्य खर्ची घातलं. ते किळिमानूरच्या सरदार घराण्यातले, कुठल्या गादीवर बसलेले नव्हेत. १९०४ चं कैसर-ए-हिंद सुवर्णपदक मात्र खरं, आणि इथे सोनं लिहायला हरकत नाही.

शेवटी एकच शब्द उरला होता: देवदेवतांची छापील चित्रं घरोघर नेणारे 'पहिले'. हा शब्द मी काढला. रविवर्म्यांचा छापखाना मुंबईत गिरगावात १८९४ साली निघाला आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. पुण्याचा चित्रशाळा छापखाना १८७८ पासून चालू होता, आणि देवांची रंगीत चित्रं तिथे आधीच छापली जात होती.