पन्नास लाखांवरचा एक लाख

नव्या करप्रणालीत, 2025-26 या आर्थिक वर्षात, 50 लाखांच्या करपात्र उत्पन्नावर 10,80,000 रुपये कर बसतो. उत्पन्न 51 लाख झालं की तो 11,10,000 होतो. त्यावर 10 टक्के सरचार्ज, म्हणजे अधिभार, धरला की 12,21,000. कमाई एका लाखाने वाढली, कर मात्र 1,41,000 रुपयांनी! हा अन्याय मार्जिनल रिलीफ थांबवतो: वरचे 41,000 माफ होऊन कर 11,80,000 वर येतो.

सेस, म्हणजे आरोग्य व शिक्षण उपकर, लागतो तो यानंतर. त्याचे 4 टक्के, म्हणजे 47,200 मिळवून एकूण 12,27,200. उपकराला ही सवलत नसल्यामुळे त्या जादा लाखापायी प्रत्यक्षात 1,04,000 जातात, आणि हे मला खटकतं. साधारण 51.61 लाखांपुढे सवलत संपते.