रेघांचा क्रम : चिनी अक्षर लक्षात कसे राहते?

ह्युएन त्संग हे नाव आपल्याला इतिहासाच्या पाठ्यपुस्तकातून परिचित आहे. सातव्या शतकात हा भिक्खू भारतात आला, नालंदेत शिकला, महाराष्ट्रातही येऊन गेला आणि इ. स. ६४५ मध्ये चीनला परतून उर्वरित आयुष्य त्याने बौद्ध ग्रंथांच्या चिनी भाषांतरात वेचले. असे ग्रंथ तेथील लेखनिक कुंचल्याने उतरवून घेत. तुनह्वांगच्या लेण्यांत सापडलेल्या सूत्रांच्या हस्तलिखितांत एका उभ्या ओळीत साधारणतः १७ अक्षरे आढळतात. ओळीमागून ओळी भरणाऱ्या त्या लेखनिकांच्या लिपीला बाराखडी नव्हती, आजही नाही. तेथे प्रत्येक अक्षर म्हणजे जवळजवळ एक स्वतंत्र शब्द असतो आणि साधे वर्तमानपत्र वाचायलाही दोन-तीन हजार अक्षरे यावी लागतात. एवढी अक्षरे मनात राहतात कशी, या प्रश्नाच्या उत्तराचा एक मोठा भाग रेघांच्या क्रमात दडलेला आहे. तोच येथे उलगडून पाहू.

चिनी अक्षर रेघांनी बनते. लेखणी कागदावर टेकल्यापासून उचलेपर्यंत जे उमटते ती एक रेघ. शाळेत या रेघांचे पाच मुख्य प्रकार शिकवतात : आडवी, उभी, डावीकडे उतरणारी, ठिपका किंवा उजवीकडे उतरणारी, आणि मोडती. मोडती रेघ वाटेत वळते. पण लेखणी उचललेली नसल्याने ती एकच मोजली जाते. यानंतर क्रमाचे नियम येतात. वरून खाली आणि डावीकडून उजवीकडे लिहावे. आडवी व उभी रेघ एकमेकींना छेदत असतील, तर आधी आडवी काढावी. चौकट असेल, तर आधी तिच्या बाहेरच्या बाजू, मग आतला मजकूर आणि सर्वांत शेवटी तळाची रेघ. हा शेवटचा नियम तेथील मुलांना मोठ्या गमतीने सांगतात : आधी घरात शिरा, मग दार लावा.

वाचकांनी आता पेन्सिल हाती घ्यावी. ‘शेत’ या अर्थाचे चिनी अक्षर आहे ‘त्येन’. एक चौकोन आणि त्याच्या आत बेरजेचे चिन्ह, म्हणजे बांध घातलेले चार वाफे, असे त्याचे रूप आहे. आपल्यापैकी बहुतेक जण आधी चारही बाजू काढून चौकोन पुरा करतील आणि मग आत फुली काढतील. चिनी विद्यार्थी तसे करत नाही. पहिली रेघ डावीकडची उभी. दुसरी वरच्या डाव्या कोपऱ्यातून निघून उजवीकडे जाते आणि लेखणी न उचलता वळून खाली उतरते. म्हणजे वरची व उजवी बाजू मिळून एकच रेघ झाली. तिसरी आतली आडवी, चौथी आतली उभी आणि पाचवी तळाची, दार लावणारी. अशा रीतीने एकूण रेघा पाच होतात. ज्याने चौकोनाच्या चार बाजू वेगवेगळ्या काढल्या, त्याची मोजणी सहा भरते.

हा एका रेघेचा फरक किरकोळ नाही. इ. स. १७१६ मध्ये पुऱ्या झालेल्या प्रसिद्ध खांग्शी शब्दकोशात २१४ मूळ घटक रेघांच्या संख्येप्रमाणे लावलेले आहेत आणि पुढच्या अनेक कोशांनी तीच पद्धत थोड्याफार फरकाने चालवली. अनोळखी अक्षराचा उच्चार ठाऊक नसेल, तर ते उच्चाराने शोधणार कसे? मग आधी त्यातला मूळ घटक ओळखायचा आणि उरलेल्या रेघा मोजायच्या. ‘पुरुष’ या अर्थाच्या ‘नान’ या अक्षरात वर शेत आणि खाली ‘बळ’ या अर्थाचे चिन्ह असते. ते शोधण्यासाठी पाच रेघांच्या घटकांत ‘शेत’ काढायचे आणि त्याखाली आणखी दोन रेघांच्या अक्षरांकडे जायचे. शेताच्या सहा रेघा मोजणारा चुकीच्या गटात शोधत बसतो.

स्मरणशक्तीचे सूत्रही याच उदाहरणात दिसते. ‘नान’ या अक्षरात सात रेघा आहेत. नवख्याला त्या सात सुट्या गोष्टी वाटतात. ज्याच्या हाताला शेताच्या पाच रेघा एकाच ठरलेल्या क्रमाने बसल्या आहेत, त्याला मात्र दोनच गोष्टी लक्षात ठेवायच्या असतात : शेत आणि बळ. प्रत्येक वेळी क्रम बदलला, तर पाच रेघांची ही मोट बांधलीच जात नाही.

वाचनाशी या क्रमाचा संबंध घाईच्या हस्ताक्षरात अधिक स्पष्ट होतो. भरभर लिहिताना लेखणी पुरती उचलली जात नाही. एका रेघेचे शेवटचे टोक पुढच्या रेघेच्या आरंभाला जोडले जाते. क्रम सर्वांचा सारखा असेल, तरच हे जोड ओळखीच्या जागी पडतात आणि वाचणारा हाताची चाल मनात पुन्हा चालवून अक्षर ओळखतो. ‘पुस्तक’ या अर्थाच्या ‘शू’ या अक्षराच्या पारंपरिक रूपात १० रेघा आहेत. जलद लेखनात ते आक्रसत गेले आणि चीनने १९५६ मध्ये लिपी सुलभ करताना त्याच जलद रूपावरून चार रेघांचे ‘शू’ अधिकृत केले.

अक्षर आठवेना, की चिनी माणूस बोटाने हवेत किंवा तळहातावर ते लिहून पाहतो, कारण डोळ्यांना न आठवलेले कधी कधी हाताला आठवते. फ्लोरेस द’आर्काइस या मानसशास्त्रज्ञाने १९९४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत वाचकांना पूर्ण अक्षराआधी त्याचा एक तुकडा क्षणभर दाखवला होता. तो तुकडा आधी लिहिल्या जाणाऱ्या रेघांचा असेल, तेव्हा अक्षर ओळखण्यास अधिक मदत होई. ली हाय तान आणि त्यांच्या सहकाऱ्यांना २००५ मध्ये बीजिंगच्या प्राथमिक शाळेतील मुलांमध्ये अक्षरे लिहिण्याचे कौशल्य आणि वाचनक्षमता यांचा घट्ट संबंध आढळला. केवळ क्रम पाळल्याने वाचन सुधारते, असे मात्र या दुसऱ्या अभ्यासावरून म्हणता येत नाही.

आज चीनमध्ये बहुतेक लोक उच्चार रोमन अक्षरांत टंकतात आणि पडद्यावरच्या यादीतून हवे ते अक्षर निवडतात. त्यामुळे अक्षर समोर आले तर ओळखता येते, पण हाताने लिहायला गेल्यास सुचत नाही. लेखणी उचलली आणि अक्षर विसरले, अशा अर्थाचा शब्दप्रयोगच तेथे रूढ आहे. आपण मराठी शब्द विसरलो, तरी उच्चारावरून ऱ्हस्व-दीर्घाची चूक करून का होईना, लिहू शकतो. चिनी लेखकाला हा आधार फार थोडा मिळतो. हाताची चाल विसरली, की बहुधा कागद कोराच राहतो.

हा क्रम निसर्गाने ठरवून दिलेला नाही. जपानी शाळांत हेच ‘शेत’ लिहिताना आतली उभी रेघ आडवीच्या आधी काढतात आणि तळाची रेघ तेथेही शेवटीच येते. चीनने १९९७ मध्ये ७,००० अक्षरांचा क्रम अधिकृतपणे निश्चित केला, तो एकवाक्यता यावी म्हणून. दोन्ही देशांतील मुलांचे शेत सारखेच दिसते आणि दोघांच्याही ते पक्के लक्षात राहते, कारण प्रत्येकाने आपल्या शाळेतला एकच क्रम शेकडो वेळा गिरवलेला असतो.