घाट उतरताना चुकणारा हिशेब

रॉटरडॅमहून ग्रोनिंगनला सर्वांत जवळच्या वाटेने कसं जायचं? १९५६ साली अ‍ॅमस्टरडॅममधल्या एका कॅफेत बसून डच संगणकशास्त्रज्ञ एड्सखर डाइक्स्ट्रा यांनी हे कोडं कागद-पेन्सिल न घेता वीसेक मिनिटांत सोडवलं. १९५९ मध्ये त्यांनी ते प्रसिद्ध केलं. नकाशावर वाट शोधून देणाऱ्या आजच्या अनेक पद्धतींच्या मुळाशी हीच रीत आहे.

ती समजून घ्यायला तीन गावं पुरतात. अ पासून ब ला थेट जायला ४० मिनिटं लागतात. अ ते क १० मिनिटं आणि क ते ब २० मिनिटं. संगणक एक यादी ठेवतो, तिला प्रायॉरिटी क्यू म्हणतात. या रांगेत आधी आलेल्याचा नंबर आधी लागत नाही. ज्याचा आकडा सर्वांत लहान, तो आधी बाहेर पडतो. सुरुवातीला रांगेत फक्त अ असतो, आकडा शून्य. तो बाहेर काढला की त्याच्या शेजाऱ्यांचे आकडे रांगेत येतात: क १० आणि ब ४०. आता क बाहेर येतो. क वरून ब ला पोचायला १० अधिक २०, म्हणजे ३० मिनिटं लागतात. हे ४० पेक्षा कमी, म्हणून ब चा आकडा ३० होतो. मग ब बाहेर येतो आणि उत्तर मिळतं: ३० मिनिटं, क मार्गे.

जे गाव बाहेर आलं, त्याचा आकडा कायमचा ठरला, त्याकडे पुन्हा बघायचं नाही. रीत वेगवान आहे ती यामुळेच. असं बेधडक म्हणता येतं, कारण रांगेत उरलेल्या प्रत्येक गावाचा आकडा निदान तेवढा किंवा त्याहून मोठा असतो. तिथून वळसा घेऊन आलं, तर आकडा वाढेल किंवा तेवढाच राहील, कमी होणार नाही. पण हे खरं कधी? एकाही रस्त्याचा आकडा उणे नसेल तेव्हाच.

मिनिटं उणे नसतात, पण विजेच्या गाडीची बॅटरी तशी नसते. खंडाळ्याचा घाट उतरताना मोटर जनित्रासारखी चालते आणि बॅटरी थोडी भरते. त्या उताराचा खर्च उणे धरावा लागतो. आता त्याच तीन गावांत मिनिटांऐवजी वीज मोजू. समजा, अ ते ब या सपाट, लांबच्या रस्त्याला २ युनिट लागतात. क घाटमाथ्यावर आहे: चढायला ५ युनिट, आणि पलीकडे ब ला उतरताना ४ युनिट परत, म्हणजे उणे ४. घाटातून एकूण खर्च १, म्हणजे तीच वाट स्वस्त. पण रांगेत ब २ वर आणि क ५ वर आहे. ब आधी बाहेर येतो आणि २ वर शिक्कामोर्तब होतं. नंतर क बाहेर येतो आणि १ चा आकडा दाखवतो, तोवर ब चं दार बंद झालेलं असतं. ब च्या पुढच्या गावांचे आकडेही मग चुकू शकतात. संगणक मात्र कुठलीही तक्रार न करता उत्तर देऊन मोकळा होतो.

सगळ्या रस्त्यांत ४ मिळवून उणे आकडा घालवला तर? थेट रस्ता ६ होतो, घाटाची वाट ९ अधिक ०, म्हणजे ९. उत्तर पुन्हा चुकलं. दोन टप्प्यांच्या वाटेत ४ दोनदा मिळवले गेले, एका टप्प्याच्या वाटेत एकदाच. जास्त टप्प्यांच्या वाटेला विनाकारण दंड बसला.

खरा उपाय उंचीत आहे. समजा, अ आणि ब एकाच उंचीवर आहेत आणि क च्या उंचीत साडेचार युनिट ऊर्जा साठते. चढाच्या खर्चातून तेवढी वजा करायची, उताराच्या खर्चात तेवढी मिळवायची. चढ होतो अर्धा, उतारही अर्धा, थेट रस्ता २ च राहतो. उरतात ते फक्त घर्षणात आणि हवेत वाया गेलेले आकडे, आणि ते कधीच उणे नसतात. चढताना वजा केलेलं उतरताना परत येतं, त्यामुळे वाटांची तुलना बिघडत नाही. आता क अर्ध्यावर बाहेर येतो, ब चा आकडा १ होतो आणि उत्तर बरोबर येतं.

जिथे अशी उंची आयती मिळत नाही, तिथे बेलमन-फोर्ड ही संथ रीत वापरतात. ती कोणालाच कायमचं ठरवत नाही, सगळे रस्ते पुन्हा पुन्हा तपासते. गावं तीन असतील तर दोन फेऱ्या पुरतात. तिसऱ्या फेरीतही आकडा घटला, तर फिरत राहिलं की खर्च घटतच जाईल असं वर्तुळ नकाशात आहे आणि सर्वांत स्वस्त वाट असं काही उरतच नाही.

तुम्ही हा प्रोग्राम लिहीत असाल, तर रांगेतून बाहेर येणाऱ्या प्रत्येक गावाचा आकडा छापून बघा. ते आकडे कधीच घटता कामा नयेत. आणि आधीच ठरलेल्या गावाला कमी आकडा मिळू लागला, तर नकाशात उणे रस्ता आहे आणि आलेल्या उत्तरावर विसंबता येणार नाही.