दहावीची बॅच, बावीस वर्षांनंतर

व्हॉट्सअॅप आल्यापासून आपल्याकडे दहावीच्या बॅचचं गेट-टुगेदर हा जवळपास सणच झाला आहे. हॉल ठरतो, वर्गणी निघते, निवृत्त सरांना शाल-श्रीफळ दिलं जातं. आणि प्रत्येक बॅचमध्ये एक जोडी अशी असते, की ती समोरासमोर आली की बाकीचे उगाच पाणी प्यायला उठतात. त्या जोडीचं पुढे काय होतं, यावर सी. प्रेमकुमार या तमिळ दिग्दर्शकाने २०१८ साली ‘९६’ नावाचा सिनेमा केला.

राम (विजय सेतुपती) आणि जानकी ऊर्फ जानू (त्रिशा) तंजावरच्या शाळेत दहावीला एका वर्गात होते. सुट्टी संपवून जानू परत येते, तर रामचा बाक रिकामा. घरच्या कर्जापायी त्याच्या कुटुंबाने रातोरात गाव सोडलेलं असतं. बावीस वर्षांनी चेन्नईत बॅच जमते, तेव्हा राम फिरस्ता छायाचित्रकार आहे, एकटा आहे. जानू सिंगापूरहून आली आहे. तिला नवरा आहे, मुलगी आहे. परतीचं विमान दुसऱ्या दिवशी सकाळचं.

म्हणजे हातात फक्त एक रात्र. एवढ्या मांडणीवर दुसऱ्या कुणी पळून जाण्याची गोष्ट रचली असती. प्रेमकुमार मात्र त्या रात्रीत दोघांना नुसतं बोलू देतो, आणि बोलता बोलता एक गोष्ट उघड होते. शाळा सुटल्यावर काही वर्षांनी राम जानूच्या कॉलेजवर तिला भेटायला गेला होता. निरोप आत गेला, पण नाव नीट पोचलं नाही. मागे लागलेला दुसराच कुणी मुलगा आला असेल असं समजून जानूने भेटायला नकार दिला. तिने आपल्याला झिडकारलं, असं धरून राम परतला. तो कधी आलाच नाही, असं धरून तिने पुढे लग्न केलं. दोघेही इतकी वर्षं अर्धीच गोष्ट जगत होते. या सिनेमात ‘दुसरी संधी’ मिळते ती एवढीच: उरलेली अर्धी गोष्ट ऐकण्याची.

यानंतर येणारा प्रसंग मला सगळ्यात धीट वाटतो. रामच्या विद्यार्थिनी भेटतात आणि जानूला त्याची बायकोच समजतात. जानू चूक दुरुस्त करत नाही. उलट ‘तुमचं कसं जमलं?’ या प्रश्नावर ती कॉलेजचा तोच दिवस सांगते, फक्त शेवट बदलून: राम आला, मी बाहेर गेले, आम्ही भेटलो. मुली खूश होऊन ऐकतात. शेजारी बसलेल्या रामलाच फक्त कळतं, की हे घडलेलं नाही. स्पर्श नाही, कबुली नाही, तरी जे सांगायचं ते सगळं सांगून होतं.

दिग्दर्शकाने संयम पात्रांच्या चांगुलपणावर सोडलेला नाही, तो कथानकात रोवला आहे. डोक्यावर विमानाची वेळ आहे. जुनी मैत्रीण शुभा दोघांच्या काळजीने बेचैन आहे. शिवाय राम मुळातच इतका बुजरा, की जानूने छातीवर हात ठेवला तर त्याला भोवळच येते. पहाटे विमानतळाच्या वाटेवर गिअरवर हातावर हात येतो, त्यापलीकडे सिनेमा जात नाही. (सेतुपतीसारख्या धिप्पाड नटाला इतकं अवघडलेलं पाहणं हीसुद्धा एक मौज आहे.) तेलुगूत ‘जानू’ या नावाने २०२० साली प्रेमकुमारनेच तो पुन्हा केला, तेव्हाही दोघांची ताटातूट कायम ठेवली.

सिनेमाबाहेर असं होतं का? नॅन्सी कॅलिश या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९९३ पासून जुन्या प्रेमाकडे परतलेल्या माणसांना प्रश्नावल्या पाठवल्या. १९९७ च्या त्यांच्या पुस्तकात अशा १,००१ जणांची माहिती आहे आणि त्यातले ७२ टक्के त्या वेळी एकत्र होते. आकडा घसघशीत आहे, पण जरा जपून वाचायला हवा. ही माणसं आपणहून पुढे आलेली होती, आणि ज्याचं बिनसलं तो सहसा प्रश्नावली भरत बसत नाही. टिकलेल्यांमध्ये पुष्कळसे घटस्फोटित किंवा जोडीदार गमावलेले, म्हणजे मोकळे होते. कोवळ्या वयात घरच्यांनी किंवा परिस्थितीने तोडलेली ही नाती होती. एकमेकांचा कंटाळा येऊन तुटलेली नव्हेत.

राम-जानूचं नातंही परिस्थितीनेच तुटलेलं. फरक एवढाच, की जानू मोकळी नाही. पुढे इंटरनेटमुळे जुनी माणसं सहज सापडू लागली, तेव्हा कॅलिशबाईंकडे येणाऱ्यांत बरं चाललेला संसार असलेली माणसंही दिसू लागली. त्यांचा काही इरादा नव्हता, नुसती ‘कशी आहेस?’ अशी चौकशी करायची होती. अशा विवाहितांना त्या स्पष्ट सांगत, की पहिल्या प्रेमाचा शोध गंमत म्हणून घेऊ नका.